संपादकीयातली दिलगिरी आणि सातव्या पानावरचे पाणी

सोसायटीच्या त्रैमासिकात, मंडळाच्या वार्तापत्रात किंवा माजी विद्यार्थ्यांच्या अंकात संपादकीय लिहिले जाते सर्वांत शेवटी आणि छापले जाते सर्वांत आधी. लेख आलेले असतात, मुलांची चित्रे स्कॅन झालेली असतात, जाहिरातींचे निम्मे पैसे जमा आणि निम्मे ‘देतो हो’ या अवस्थेत असतात. छापखान्यातून निरोप येतो की फाइल आज रात्री द्या, नाहीतर पुढच्या आठवड्यावर जाईल. तेव्हा कुणाच्या तरी लक्षात येते की पहिले पान अजून रिकामेच आहे. त्या रात्री संपादकाच्या डोक्यात अंकातला मजकूर नसतो. तो इतक्यांदा वाचून झालेला असतो की त्याचा वीट आलेला असतो. डोक्यात असतो तो उशीर. मग लेखणीही उशिरापासूनच चालू लागते.

असे एक संपादकीय नमुन्यादाखल घेऊ. चार इमारती आणि दीडशेच्या आसपास घरे असलेल्या पुण्यातल्या एखाद्या सोसायटीचे बत्तीस पानी त्रैमासिक आहे, असे समजू. नमुना आणि त्यातले आकडे या लेखापुरते रचलेले आहेत, पण ज्याने असे अंक चाळले आहेत त्याला प्रत्येक वाक्य ओळखीचे वाटेल.

“नमस्कार मंडळी! सर्वप्रथम, हा अंक आपल्या हाती पडण्यास झालेल्या विलंबाबद्दल संपादक मंडळातर्फे मनःपूर्वक दिलगिरी. परीक्षा, लग्नसराई आणि काही अपरिहार्य कारणांमुळे अंक वेळेवर काढणे शक्य झाले नाही. बघता बघता पावसाळा आला आणि सृष्टीने हिरवा शालू परिधान केला. आजच्या धकाधकीच्या जीवनात निवांत चार क्षण मिळणे दुर्मीळ झाले आहे. अशा वेळी आपला हा अंक आपणास आनंद देईल, अशी आशा आहे. नेहमीप्रमाणे याही अंकात विविध विषयांवरील वाचनीय लेख, मुलांची चित्रे, पाककृती असा भरगच्च मजकूर आहे. पाण्याच्या प्रश्नावरही एक माहितीपूर्ण लेख आहे. सर्व लेखकांचे आणि जाहिरातदारांचे आभार मानावेत तेवढे थोडेच. काही चुका राहून गेल्या असल्यास मोठ्या मनाने क्षमा करावी. आपल्या सूचनांचे स्वागत आहे. कळावे, लोभ असावा.”

यात व्याकरणाची चूक नाही. सूर नम्र आहे. मुद्रितशोधकाला यात करण्यासारखे फारसे काही सापडणार नाही, आणि नेमके तिथेच काम अडते. शुद्धलेखन तपासून असा मजकूर सुधारत नाही, कारण त्याचा दोष शब्दांत नाही. वाचकाला अंकाबद्दल यातून काहीच कळत नाही, हा तो दोष आहे. लेख ‘वाचनीय’ आहेत, मजकूर ‘भरगच्च’ आहे, पण कुठला?

अशा मजकुरावर काम करताना जाणता संपादक संपादकीय बाजूला ठेवतो आणि आधी अंक वाचायला घेतो. हातात पेन्सिल असते आणि वाचता वाचता जिथे आपण थांबलो, मागे जाऊन पुन्हा वाचले किंवा शेजारच्याला ‘हे ऐक’ म्हणालो, तिथे समासात रेघ पडते. बत्तीस पानांच्या अंकात अशा रेघा चार-पाच निघाल्या तरी पुष्कळ. आपल्या नमुन्यातल्या अंकात एक रेघ रखवालदाराच्या मुलाखतीवर पडते: रात्री उशिरा येणारी कुठली गाडी कुणाची, हे तो नुसत्या हॉर्नवरून सांगतो. दुसरी रेघ पडते सातव्या पानावर, ‘पाणी : एक समस्या’ असा मथळा मिरवणाऱ्या लेखात, आणि तीही अगदी शेवटून दुसऱ्या परिच्छेदात.

लेख लिहिला आहे सोसायटीतल्याच एका निवृत्त अभियंत्यांनी. सुरुवातीची दोन पाने पाण्याचे महत्त्व, वाढते शहर आणि टँकरचे दर यांवर आहेत. मग एकदम ते सांगतात की मे महिन्यात रात्री एक वाजता पंप बंद करून, चारही इमारतींच्या गच्चीवरच्या टाक्यांत पट्टी बुडवून त्यांनी पाण्याची पातळी मोजली. पहाटे चार वाजता पुन्हा मोजली. प्रत्येक टाकीतले पाणी सहा सेंटिमीटरने खाली गेले होते. टाकी तीन मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद, म्हणजे एका टाकीतून साडेचारशे लिटर आणि चार टाक्यांतून मिळून १,८०० लिटर पाणी गेले. कुणी आंघोळ करत नाही, धुणे-भांडी चालू नाहीत, अशा वेळी तासाला सहाशे लिटर कुठे जाते? बहुतेक फ्लशच्या टाक्यांतून, असे त्यांचे म्हणणे. टाकीच्या तळाचे रबर झिजले की पाणी कमोडच्या कडेने आवाज न करता झिरपत राहते आणि घरातल्या कुणालाही ते दिसत नाही.

पहिल्या पानावर या सगळ्याची नोंद होती ती ‘पाण्याच्या प्रश्नावरही एक माहितीपूर्ण लेख आहे’ इतकीच. त्यातला ‘ही’ तर फारच बोलका.

आता काटछाट. त्यासाठी एक साधी कसोटी उपयोगी पडते: हेच वाक्य मागच्या अंकात छापले असते तर चालले असते का? पुढच्या वर्षी चालेल का? दुसऱ्या सोसायटीच्या अंकात खपेल का? खपत असेल तर ते या अंकाचे वाक्य नव्हे. हिरवा शालू दर जूनमध्ये खपतो. धकाधकीचे जीवन बाराही महिने आणि कुठल्याही गावात खपते. आनंद देण्याची आशा, विविध विषय, मानावेत तेवढे थोडे आभार, मोठे मन, सूचनांचे स्वागत, सगळे खपते. ‘अपरिहार्य कारणे’ तर इतकी सर्वत्र लागू पडतात की ती कारणे उरतच नाहीत. कसोटी लावून झाली की अकरा-बारा वाक्यांपैकी दोनच शिल्लक राहतात: अंकाला उशीर झाला, आणि पाण्यावर एक लेख आहे.

इथे बहुतेक जण घाबरतात. पान रिकामे दिसू लागते, आणि मग काढलेल्या भरताडीच्या जागी दुसरी भरताड येते. संपादकीय पाण्यावर न्यायचे ठरले की पहिले वाक्य सुचते ‘पाणी म्हणजे जीवन’, दुसरे ‘पृथ्वीचा बहुतांश भाग पाण्याने व्यापला असला तरी’, आणि तिसऱ्या वाक्यापर्यंत वाचक चित्रांच्या पानावर पोचलेला असतो. हा मसुदा आधीच्याहून बरा वाटतो, कारण त्याला विषय आहे. पण कसोटी लावून पाहा. तोही कुठल्याही अंकात खपतो.

दुसरी चूक उलट्या दिशेची. संपादकाला सातव्या पानावरचा परिच्छेद इतका आवडतो की तो सगळाच्या सगळा पुढे आणून ठेवतो: मोजणी, हिशोब, झिजलेले रबर, उपाय. संपादकीय वाचनीय होते खरे, पण वाचकाला लेखाकडे जायचे कारण राहत नाही, आणि रात्रभर गच्चीवर जागलेल्या लेखकाचे श्रेयही पहिल्या पानावरच खर्ची पडते. तिसरी चूक हल्ली जास्त दिसते: ‘मध्यरात्री गच्चीवर काय घडले? वाचा पान सात!’ यात काहीही दिलेले नाही, फक्त लपवले आहे. वाचक एकदा फसतो. पुढच्या अंकापासून उद्गारचिन्ह दिसले की पान उलटतो.

या दोन टोकांच्या मधली जागा शोधायची तर देणे आणि राखून ठेवणे यांची वाटणी नीट करावी लागते. निरीक्षण द्यायचे, आकडा द्यायचा, त्यातून उठणारा प्रश्न द्यायचा. कारण, पुरावा आणि उपाय लेखाकडे ठेवायचे. एखादा वाचक फक्त संपादकीय वाचून थांबला, तरी त्याच्या हाती एक खरी गोष्ट पडलेली असली पाहिजे.

पण आकडा पहिल्या पानावर न्यायचा, तर तो आधी तपासावा लागतो. सातव्या पानाच्या तळाशी निभावलेली ढिलाई पहिल्या वाक्यात निभावत नाही. त्यामुळे संपादकाने लेखकाला फोन केला पाहिजे. मोजणी एकाच रात्रीची आहे का? त्या रात्री कुणाकडे पाहुणे होते, कुणी पहाटेच्या गाडीसाठी उठले होते, असे तर नाही? आपल्या नमुन्यात अभियंता सांगतात की त्यांनी तीन रात्री मोजले आणि लेखात तिन्हींपैकी सर्वांत कमी आकडा दिला. हे त्यांनी लिहिलेच नव्हते. त्यांना ते सांगण्यासारखे वाटले नव्हते. एका फोनने आकडा भक्कम झाला आणि संपादकीयाला एक वाक्यही मिळाले. दिवसभराचा हिशोब मात्र सावधपणे मांडावा लागतो. तासाला सहाशे लिटर म्हणजे चोवीस तासांचे १४,४०० लिटर होतात, दहा हजार लिटरच्या टँकरने मोजले तर जवळजवळ दीड टँकर. पण मोजणी रात्रीच्या तीन तासांचीच आहे. म्हणून ‘हीच गळती दिवसाही चालू असेल, तर’ एवढी अट वाक्यात ठेवावी लागते. ती काढली की वाक्य चटपटीत होते आणि सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पहिलाच सभासद त्यावर बोट ठेवतो.

एवढे झाल्यावर नवे संपादकीय असे उभे राहते:

“रात्री एक ते पहाटे चार या वेळात आपल्या सोसायटीत सगळे झोपलेले असतात. तरी मे महिन्यात या तीन तासांत गच्चीवरच्या टाक्यांतून १,८०० लिटर पाणी गेले. आपल्यातल्याच एका निवृत्त अभियंत्यांनी तीन रात्री जागून, टाकीत पट्टी बुडवून ते मोजले. हा तीन रात्रींतला सर्वांत कमी आकडा आहे. हीच गळती दिवसाही चालू असेल, तर आपण रोज जवळजवळ दीड टँकर पाणी विकत घेऊन सोडून देत आहोत. ते जाते कुठे, आणि आपल्या घरातून जाते का, हे खाण्याच्या रंगाचे चार थेंब वापरून कसे ओळखायचे, ते सातव्या पानावर आहे. रात्री जागे असणाऱ्या आणखी एकाची ओळख पंधराव्या पानावर होईल: आपल्या गाड्या हॉर्नवरून ओळखणाऱ्या रखवालदारांची. सिंकिंग फंडात किती रक्कम आहे आणि ती कशासाठी वापरता येते, हे खजिनदारांनी विसाव्या पानावर सांगितले आहे. पाण्याची चाचणी केलीत, तर शेवटच्या पानावरचा तक्ता भरून कार्यालयात द्या. सगळ्या घरांचा निकाल पुढच्या अंकात छापू.”

यात सगळ्या लेखांची नावे आलेली नाहीत, हे मुद्दाम. पाककृती आणि चित्रे अनुक्रमणिकेत आहेतच, आणि ज्यांची मुले चित्रांच्या पानावर आहेत त्यांना तिकडे न्यायला संपादकीय लागत नाही. दहा लेखांना एकेक विशेषण वाटत बसले की संपादकीय हजेरीपट होते. दोन-तीनच निवडायचे आणि त्यांना एका धाग्यात आणता आले तर आणायचे. इथे रात्रीचा धागा आपोआप सापडला. सिंकिंग फंड त्यात बसत नाही, तर त्याला ओढून बसवलेलेही नाही. एका वाक्यात सांगून पुढे गेले. रंगाच्या चाचणीचे नावही पहिल्याच पानावर आहे, कारण वाचकाला स्वतः करून पाहता येण्यासारखे या अंकात तेवढेच आहे. फ्लशच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे थेंब टाकून पंधरा-वीस मिनिटे फ्लश न करता थांबायचे. रंग कमोडमध्ये उतरला तर टाकी गळते आहे. कृती मात्र सातव्या पानावरच.

मुख्य गोष्टीपासून सुरुवात करून स्वतःबद्दल नंतर बोलणे ही मराठी पत्रांना नवी रीत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ या पाक्षिकाचा पहिला अंक ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला. त्यातल्या अग्रलेखाचे नाव ‘मनोगत’. नव्या पत्राच्या पहिल्या अंकात संपादकाने वाचकांचा आश्रय मागावा, उणिवांबद्दल आधीच क्षमा मागून ठेवावी, हे अगदी स्वाभाविक झाले असते. तो लेख मात्र वाचकाला प्रेक्षकाच्या नजरेने देशाकडे बघायला लावतो आणि तिथली विषमता समोर ठेवतो. स्वतंत्र पत्र का हवे, हे त्याच्या मागून येते. तोवर त्या पत्राची गरज वाचकाच्याही लक्षात आलेली असते. सोसायटीचे त्रैमासिक आणि ‘मूकनायक’ यांची तुलना होऊ शकत नाही, पण परिच्छेदांचा क्रम कसा लावावा हे शिकायला हरकत नाही.

राहिली दिलगिरी. ती काढून टाकली की ज्येष्ठ संपादक हमखास अडतात. “अहो, पण दीड महिना उशीर झालाय. काहीच म्हटलं नाही, तर उद्धटपणा नाही का दिसणार?” प्रश्न रास्त आहे, आणि ‘काका, ते जुन्या पद्धतीचं वाटतं’ हे त्याचे उत्तर नव्हे. उत्तर शोधायला विचारावे लागते ते हे: उशिरामुळे वाचकाचे नुकसान काय झाले? आपल्या अंकात ते झाले आहे. एकविसाव्या पानावर टाक्या धुण्याचे वेळापत्रक आहे आणि त्यातल्या पहिल्या दोन तारखा अंक निघण्याआधीच उलटून गेल्या आहेत. ज्या दोन इमारतींना आधी कळले नाही, त्यांची त्या दिवशी पंचाईत झाली असणार. तिथे, त्याच पानावर, चौकटीत लिहायला हवे: “अंक दीड महिना उशिरा निघाल्याने ए आणि बी इमारतींना टाक्या धुण्याची तारीख वेळेत कळली नाही, याबद्दल दिलगीर आहोत. यापुढे वेळापत्रक अंकाची वाट न पाहता सूचनाफलकावर लागेल.” ही माफी मूळच्या माफीपेक्षा लहान आहे, पण तिच्यात कुणाचे काय बिघडले आणि आता काय बदलणार हे दोन्ही आहे. संपादकांची लग्नसराई तिच्यात नाही. ती कुणाला नको असते.

चुकांची कबुली पहिल्या पानावरच्या सौजन्यात विरघळू न देता तिला ठरलेली जागा देणे मोठ्या वृत्तपत्रांनाही उपयोगी पडले आहे. लंडनच्या ‘गार्डियन’ने १९९७ मध्ये वाचकांच्या तक्रारी स्वतंत्रपणे पाहणारा संपादक नेमला. इयान मेज हे त्या पदावरचे पहिले. त्यांचे दुरुस्त्यांचे सदर रोज ठरावीक ठिकाणी येई आणि लोक ते आवर्जून वाचत. ‘काही चुका राहून गेल्या असल्यास’ ही सरसकट क्षमायाचना आणि ‘मागच्या अंकात पान नऊवर अमुक चुकले, बरोबर असे’ ही दुरुस्ती यांत हाच फरक आहे. पहिलीत चूक कुठली हे कळत नाही, म्हणून ती सुधारतही नाही.

याला अपवाद आहे. मागच्या अंकात एखाद्याच्या श्रद्धांजलीत दुसऱ्याचा फोटो छापला गेला असेल किंवा कुणाच्या थकबाकीचा चुकीचा आकडा गेला असेल, तर ती माफी पहिल्याच पानावर, पहिल्याच वाक्यात हवी, आणि त्या अंकात तिच्यापुढे गळतीचा आकडा मांडू नये. नुकसान माणसाचे असेल तेव्हा तीच त्या अंकातली सर्वांत मोठी बातमी असते.

आभारांचे तसे नाही. लेखकांचे आभार त्यांच्या लेखाखाली दोन ओळींच्या परिचयात जास्त शोभतात, आणि जाहिरातदारांना आपले नाव नीट, ठळक, योग्य दूरध्वनी क्रमांकासह छापलेले हवे असते. अंकासाठी राबलेल्या सगळ्यांची नावे शेवटच्या पानावरच्या श्रेयनामावलीत कामासह द्यावीत: मांडणी कुणाची, मुद्रितशोधन कुणाचे, घरोघरी अंक वाटले कुणी. ‘सर्वांचे आभार’ यापेक्षा ते राबणाऱ्याला अधिक सुखावते.

हल्ली यात आणखी एक व्यावहारिक कारण मिळाले आहे. अंक ईमेलने गेला की फोनवरच्या यादीत विषयाच्या शेजारी मजकुराचे पहिले काही शब्दच दिसतात. ते शब्द ‘नमस्कार मंडळी! सर्वप्रथम, हा अंक आपल्या हाती पडण्यास झालेल्या’ असे असतील, तर संपूर्ण अंकाची ओळख तेवढीच. ‘रात्री एक ते पहाटे चार या वेळात आपल्या सोसायटीत’ इतके दिसले, तर निदान बोट थांबते. पाठवण्याआधी स्वतःला एक प्रत पाठवून ती यादीत कशी दिसते हे पाहायला मिनिटभरही लागत नाही.

कापाकापीनंतर पान अर्धे रिकामे राहते, ही तक्रार मांडणी करणाऱ्याकडून येतेच. आपल्या अंकात उत्तर सोपे आहे: टाकीत बुडवलेल्या ओल्या पट्टीचा फोटो मोठा छापावा. तसा फोटो नसेल तर तीन रात्रींच्या नोंदींची वही जशीच्या तशी छापावी. हस्ताक्षरातले आकडे लोक थांबून वाचतात.

कधी कधी मात्र पेन्सिल घेऊन अंक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला तरी समासात एकही रेघ पडत नाही. मग संपादकीयाशी झटापट करण्यात अर्थ नसतो. खोट अंकात असते, आणि ती छपाईच्या आदल्या रात्री कळून उपयोग नाही. म्हणून अनुभवी संपादक पहिले वाक्य लेख निवडतानाच लिहून बघतात, अंक निघायला तीन आठवडे असताना. ते सुचले नाही, तर एखाद्या लेखकाकडे परत जायला वेळ असतो: ‘सिंकिंग फंडावर छान लिहिलंय, पण गेल्या वर्षी लिफ्टची दोरी बदलली तेव्हा त्यातले किती खर्च झाले, तेवढं घाला ना.’ खजिनदार कुरकुरतात, मग कपाटातून बिलांची फाइल काढतात.